भापा गौरव दिन: पोस्टरच्या कामाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

कॉलेजच्या मराठी वाङ्मय मंडळाची मीटिंग झाली. २७ तारखेच्या गौरव दिनाचं पोस्टर माझ्याकडे आलं, कारण गेल्या वर्षी कल्चरलचे बॅनर मीच केले होते आणि मागच्या बाकावर बसून मी नको म्हणेपर्यंत खजिनदाराने माझं नाव लिहूनही टाकलं. साइज १० बाय ६ फूट, गेटवर लागणार. सरांचं म्हणणं असं की ऑक्टोबरमध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्यानंतरचा हा पहिलाच गौरव दिन, म्हणजे ते पोस्टरवर आलंच पाहिजे. चित्र ग्रंथदिंडीचं, पालखीत पुस्तकं, टाळ, पताका.

मजकूर सरांनी कागदावर लिहून दिला. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात "मराठी भाषा गौरव दिन", खाली "अभिजात मराठीचा पहिला गौरव दिन", मग "ग्रंथदिंडी, सकाळी ८ वाजता, ग्रंथालयापासून" आणि कोपऱ्यात "मराठी वाङ्मय मंडळ". कागदाचा फोटो काढून ठेवलाय. हा फोटो पुढे फार कामाला आला, त्या दिवशी मात्र नुसता काढायचा म्हणून काढला होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चित्र हाताने काढण्याएवढा वेळ नाही, सबमिशन डोक्यावर आहेत, म्हणून इमेज जनरेटर वापरायचं ठरवलं. प्रॉम्प्ट साधारण असा होता, पुढे कागदावरच्या बाकीच्या ओळीही अशाच अवतरणात जोडल्या:

```
book palkhi procession in a Maharashtra town, warli style,
orange flags, flat cream sky,
title text "मराठी भाषा गौरव दिन" on top
```

चित्र पहिल्या दहा-बाराच प्रयत्नांत मस्त आलं, पालखीचा गोंडा वगैरे बघून मीच खूश. अक्षरांनी मात्र जीव घेतला. एकदा "मराठी" बरोबर येतं तेव्हा "गौरव"च्या डोक्यावर तीन मात्रा असतात, गौरव सुधारलं की "दिन"ची वेलांटी पुढच्या न वर जाऊन बसते, आणि कधीकधी असं अक्षर येतं की ते टाइपच करता येणार नाही, शिरोरेषा अगदी सरळ आणि तिच्याखाली लटकलेली जिलबी. एकूण ४१ वेळा काढलं. शेवटी एक बऱ्यापैकी आलं, वरची ओळ फोनवर नीट वाटली. खालच्या ओळी बारीक होत्या, तिकडे बघितल्यासारखं केलं आणि सेव्ह केलं. `poster_final.png`, १३४४ बाय ७६८ पिक्सेल.

"बघितल्यासारखं केलं" हे मुद्दाम लिहितोय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सर साहित्य संमेलनाला दिल्लीला निघाले. गाडीत रेंज नसणार म्हणून मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर टाकलं, १७ जणांनी हार्ट टाकला, तिघांनी "कडक", एकाने "एक नंबर भो". सरांची ब्लू टिक नाही आली. खजिनदार म्हणाला एवढ्यांनी ओके दिलंय तर पुढे ढकल.

आता कळतंय की त्या १७ जणांपैकी एकानेही ते वाचलेलं नव्हतं. त्यांनी बघितलं होतं. मजकूर आधीच पाठ असला की डोळा आकारावरून पुढे सरकतो, आणि वरची शिरोरेषा सरळ असली की सगळं मराठीच वाटतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शालिमारजवळच्या गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडे फाइल दिली. १२ रुपये स्क्वेअर फूट, म्हणजे ६० फुटांचे ७२०. तिथे डीटीपी करणारी ताई आहे, तिने फाइल उघडून एवढंच विचारलं, "फोटो लहान आहे, फुटेल थोडा, चालेल?" चालेल म्हणालो. उद्या छापून ठेवते म्हणाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळी ७:१०

महाशिवरात्र. कॉलेजला सुट्टी, अर्धं नाशिक त्र्यंबकला गेलेलं. फ्लेक्स दुपारी आणून ठेवला होता, आत्ता होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये पसरला. उद्याच्या दिंडीसाठी खजिनदाराला एक रील करायची होती, फ्लेक्ससमोर उभं राहून मजकूर मोठ्याने वाचायचा, एवढंच. त्याने सुरुवात केली, "मराठी भा..." आणि थांबला. परत "मराठी भा..." परत थांबला. मला वाटलं मुद्दाम करतोय.

मग त्याने वाचलं, "मराठी भापा गौरव दिन."

ष च्या पोटातली तिरकी रेघच नाही. ती रेघ काढली की उरतो तो प. मी फ्लेक्सवर गुडघे टेकून बघितलं, रेघेच्या जागी नुसती पुसट सावली होती. मग खाली सरकलो. "अभीजतत मराठीचा पहला". "ग्रथंदींडि". "ग्रंथालयापासून"मधला ळ की ल की काय ते, आणि शेवटचा न उलटा. कोपऱ्यात मंडळाचं नाव तर वाचताच येत नाही, तिथे अक्षरासारखी काहीतरी वेल चढलीय.

फोनवर या ओळींचं एक अक्षर जेमतेम दोन मिलिमीटरचं होतं. १० फुटांवर तेच अक्षर सव्वातीन इंचाचं झालंय. गेटवर लागलं असतं तर पलीकडच्या रिक्षा स्टँडवरून वाचता आलं असतं.

कॉरिडॉरमध्ये कोणीच काही बोललं नाही, मग एक जण हसला आणि मग सगळेच. मला घाम फुटला होता. भाषेच्या दिवशी भाषाच चुकीची, आणि तीही १० फूट.

७:४०

माझी पहिली अक्कल ही चालली की परत जनरेट करू. प्रॉम्प्टमध्ये लिहिलं, अक्षरं बरोबर ठेव, चित्र बदलू नको. पाच वेळा केलं. पाचही वेळा चित्र बदललं आणि अक्षरं वेगळ्या ठिकाणी चुकली. एकात "भाषा" आलं बरोबर, तर पालखीच गायब.

रूममेट उपासाचा, पलंगावर रताळं खात पडलेला. त्याचा फायनल इयरचा प्रोजेक्ट अशाच चित्र काढणाऱ्या मॉडेलवर आहे, तो म्हणाला, "अजून शंभरदा काढ, हेच होणार." मग त्याने रताळ्याच्या सालीच्या तुकड्यावर नखाने चौकोन काढून समजावलं, ते मला जसं कळलं तसं लिहितो.

तो चालवतो त्या प्रकारचं मॉडेल सरळ पिक्सेलवर काम करत नाही. आधी चित्र दाबून लहान करतात, ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनाचा एकच खण होतो, सगळी कारागिरी त्या खणांच्या जाळीवर चालते आणि शेवटी ते परत फुगवून पिक्सेल करतात. आता माझ्या खालच्या ओळीतलं अक्षर साधारण ३६ पिक्सेल रुंद, म्हणजे साडेचार खण. त्यावरचा अनुस्वार पाचेक पिक्सेलचा, म्हणजे एक खणसुद्धा भरत नाही. पालखीच्या गोंड्याचा एक धागा इकडेतिकडे झाला तर गोंडा गोंडाच राहतो, पण ग्रंथ वरचा ठिपका एक घर सरकला की तो थ वर जातो आणि शब्द मेला. ष ची रेघ वरच्या मोठ्या ओळीत होती तरी बारीकच होती, तीही तशीच विरघळली.

दुसरं त्याने सांगितलं ते मला जास्त पटलं. त्या मॉडेलमध्ये कुठेही "भाषा" हा शब्द भ, काना, ष, काना असा लिहून ठेवलेला नसतो. माझ्या प्रॉम्प्टचे तुकडे होतात, तुकड्यांवरून "साधारण असं दिसतं" एवढा इशारा मिळतो, आणि सुरुवात दर वेळी नव्या खरखरीतून, म्हणजे नुसत्या विस्कटलेल्या ठिपक्यांतून होते. "मराठी" हा शब्द पाट्यांवर, फोटोंमध्ये त्याने भरपूर बघितलेला असणार म्हणून तो बरा येतो. "ग्रंथदिंडी" लिहिलेले फोटो जगात आहेत किती? इंग्रजी अक्षरं सुटी सुटी एका ओळीत बसतात, तरी तिथेही चुकतं. आपल्याकडे वर मात्रा, खाली उकार, मागे वेलांटी, पोटात जोडाक्षर. "मग त्याच्याकडून अक्षर घेऊच नको ना," तो म्हणाला, "चित्र घे."

इतकं साधं होतं. ४१ अधिक ५ प्रयत्नांनंतर.

८:३०

ताईला फोन केला. दुकान १० ला बंद, सणामुळे मशीनवाला मुलगा लवकर जाणार. साडेनऊच्या आत फाइल आली तर छापते म्हणाली, परत ७२० लागतील हेही सांगितलं. खजिनदाराने कपाळाला हात लावला. अर्धे माझे, म्हणालो.

आधी जुनी अक्षरं पुसली. नशीब एवढंच की आकाश सपाट क्रीम रंगाचं मागितलं होतं, त्यामुळे गिंपमध्ये तोच रंग उचलून वरचा पट्टा सरळ रंगवून टाकला, खाली मातीचा रंग होता तिथेही तसंच. तेव्हा लक्षात आलं की पालखीतल्या पुस्तकांच्या कण्यांवरही तसलीच खोटी अक्षरं आहेत. अकरा पुस्तकं. ती सगळी ब्लर करत बसलो, पाच मिनिटं गेली. चित्र मोठं केल्यावर फुटतंय हे दिसत होतं, १३४४ पिक्सेल १२० इंचांवर पसरले की इंचाला अकराच पिक्सेल येतात. पण वारली चित्र आहे आणि लोक वीस फुटांवरून बघणार, एवढं चालतं. अक्षराची कड फुटली की मात्र लगेच डोळ्यात येते, म्हणून अक्षरं चित्रात नकोतच, वेगळी, व्हेक्टर, कितीही मोठी केली तरी न फुटणारी.

इंकस्केपमध्ये १२० बाय ७२ इंचांचं पान घेतलं, चित्र मागे टाकलं आणि मजकूर टाइप केला. वरच्या ओळीला बालू, बाकीला टिरो देवनागरी मराठी. दुसरा फॉन्ट मुद्दाम घेतला, त्यात मराठी वळणाचा पाकळीचा ल येतो, हिंदीसारखा दांडीचा नाही. सर अशा गोष्टी बघतात. टाइप केल्याबरोबर सगळं जागच्या जागी बसलं, "दिं"ची वेलांटी, अनुस्वार, सगळं. अर्ध्या तासाचं काम. ४१ प्रयत्न आठवून स्वतःचाच राग आला.

९:२०

गाडी काढून स्वतःच दुकानात गेलो, पेनड्राइव्हवर पीडीएफ आणि एसव्हीजी दोन्ही. ताईच्या कॉम्प्युटरवर कोरलची जुनी व्हर्जन आहे, तिने सवयीने एसव्हीजी आधी उघडली.

स्क्रीनवर आलं ते बघून पाय गळाले. वेलांटी द च्या नंतर, एका तुटक वर्तुळावर बसलेली. "ग्‌रंथ" असा हलन्त उघडा पडलेला ग. फॉन्ट कुठलातरी तिसराच.

मी म्हणालो हे तर बरोबर होतं. ताई शांतपणे म्हणाली, "युनिकोडचं असंच होतं रे इथे. आमचं सगळं श्रीलिपीत चालतं. कर्व्ह करून आणायचं असतं."

हे मला माहीत असायला हवं होतं. "दिन" टाइप करताना फाइलमध्ये क्रम असतो द, मग वेलांटी, मग न. वेलांटी द च्या आधी नेऊन दाखवणं, ग-हलन्त-र यांचा ग्र करणं, हे फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून ऐन वेळी करतात. ज्या मशीनवर ते नीट होत नाही तिथे कच्चा क्रम तसाच उघडा पडतो. म्हणजे दोन चुका दिसायला सारख्या, पण जात वेगळी. जनरेटरने अक्षर चुकीचं *काढलं* होतं, तिथे दुरुस्त करायला मुळात मजकूरच नव्हता. इथे मजकूर शंभर टक्के बरोबर होता, नुसता मांडला चुकीचा जात होता. ओळखायची खूण म्हणजे ते तुटक वर्तुळ आणि उघडा हलन्त, ते दिसलं की घाबरायचं नाही, मजकूर जिवंत आहे.

लॅपटॉप सोबत आणला होता हे बरं. तिथेच काउंटरवर उघडला:

```
inkscape poster.svg --export-text-to-path --export-filename=poster_print.pdf
```

कर्व्ह करणं ते हेच, यात प्रत्येक अक्षराचं रेघांचं चित्र होतं, मग समोरच्याकडे फॉन्ट असो नसो. मेनूतून करायचं तर सगळं सिलेक्ट करून `Path > Object to Path`. एकच की त्यानंतर स्पेलिंग बदलता येत नाही, म्हणून मूळ `poster.svg` हलवायची नाही आणि कर्व्ह करण्याआधी वाचून घ्यायचं.

९:४५

तर वाचायला घेतलं. ताई म्हणाली, "उलटं वाच, शेवटच्या शब्दापासून. सरळ वाचलं की आपण वाचतच नाही." ती लग्नपत्रिका करते, एका पत्रिकेत आजोबांचं नाव चुकलं तर काय होतं ते तिला माहीत आहे. मी सरांच्या कागदाचा फोटो फोनवर उघडला आणि शेवटून एकेक शब्द जुळवायला लागलो. मंडळ, बरोबर. वाङमय.

वाङमय?

कागदावर ङ आणि म जोडलेले होते. मी हलन्तच दाबला नव्हता. ताई म्हणाली तिच्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांच्या कागदावर हे ड ने लिहिलेलं असतं, वाड्मय, आणि तीही आजवर तसंच टाइप करत होती. मग मलाच शंका आली, सरांना फोटो पाठवला, पावणेदहाला. दोन मिनिटांत व्हॉइस नोट. सर दिल्लीच्या प्रवासाने घसा बसलेल्या आवाजात म्हणाले, "वाक् अधिक मय. क चा त्याच वर्गातला अनुनासिक होतो, ङ. पाय मोडलेला ङ, मग म. आणि एवढ्या उशिरा का विचारतोयस?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. हलन्त घातला, परत एक्सपोर्ट केलं, परत उलटं वाचलं, मग ताईनेही वाचलं. जनरेटरला एवढ्या शिव्या घालून झाल्यावर शेवटची चूक माझ्याच बोटांची निघाली, हे खजिनदाराला सांगितलेलं नाही.

१०:४०

दुकान बंद झालं नाही. मशीनवाला मुलगा थांबला, त्याला शेंगदाण्याचे दोन लाडू दिले ताईने. हेड इकडून तिकडे जातं आणि बोटभर पट्टा पुढे सरकतो, वीसेक मिनिटं मी तिथे उभा राहून एकेक ओळ बाहेर येताना बघत होतो. "मराठी भा" आलं आणि मग ष. पोटात रेघ. जाडजूड, काळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

शाईचा वास डोक्यात गेला होता. "लगेच गुंडाळू नको, चिकटेल," ताई म्हणाली. पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवला, कडेला रिंगा मारल्या, पैसे दिले. तिने जुन्या फ्लेक्सचं काय करणार विचारलं. माहीत नाही म्हणालो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पावणेसातला गेटवर बांधला. दिंडी आठला निघायची ती साडेआठला निघाली, ढोलवाले उशिरा आले. सर गेटसमोर उभे राहिले, चष्मा वर केला, वरून खाली सगळं वाचलं, बोट हवेत फिरवत. मी श्वास धरून. मग म्हणाले, "ल चांगला आहे." आणि पुढे गेले.

३ मार्च, सोमवार

हिशोब: फ्लेक्स दोनदा १४४०, पैकी मंडळाचे १०८०, माझे ३६०, पेट्रोल धरलेलं नाही. मंडळाच्या ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइल्स: `poster.svg` मजकूर बदलता येणारी, `poster_print.pdf` कर्व्ह केलेली, `bg_clean.png` अक्षरं नसलेलं चित्र. पुढच्या वर्षीवाल्यांनी `bg_clean.png` घ्यावी, तारीख-वेळ त्यावर टाइप करावी. `poster_final.png` डिलीट करणार होतो, खजिनदाराने आधीच सगळ्यांना पाठवून ठेवलीय.

जुना फ्लेक्स कॅन्टीनच्या मावशींनी मागून नेला, मागच्या शेडचा पत्रा गळतो म्हणून आत्ताच टाकून ठेवला, छपाईची बाजू वर. लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तो पूर्ण दिसतो. आज तिथे बसलो होतो तर फर्स्ट इयरची दोन पोरं खिडकीला नाक लावून वाचत होती, एक म्हणाला, "ग्रथंदींडि म्हणजे काय रे?" दुसरा म्हणाला, "संस्कृत असेल."

मी जागा बदलली.